दोन बाय दोन तक्ता: बेळगावच्या केस-कंट्रोल अभ्यासातून ऑड्स रेशो काढताना

बेळगावात एमडी किंवा एमएस्सीचा प्रबंध जनुकीय विषयावर करणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर साधारण एकाच प्रकारची एक्सेल फाइल असते. दोनशे मधुमेही, दोनशे मधुमेह नसलेले, आणि प्रत्येकाच्या नावापुढे CC, CT किंवा TT. रक्त घेऊन झालेलं असतं, डीएनए काढून झालेला असतो, लॅबचे पैसेही भरून झालेले असतात. आता या तीन अक्षरी जोड्यांचं करायचं काय, तिथे गाडी अडते. हा लेख तिथून पुढचा आहे.

उदाहरणासाठी TCF7L2 हा जनुक घेऊ. त्यातल्या rs7903146 या जागी काहींना C असतो, काहींना T. टाइप २ मधुमेहाशी या जनुकाचा संबंध २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला आणि २००७ मध्ये पुण्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासात तो भारतीयांमध्येही दिसला. धोक्याचा अ‍ॅलील T. खालचे आकडे मात्र कुठल्या खऱ्या अभ्यासाचे नाहीत. हिशेब नीट दिसावा म्हणून मी ते बनवले आहेत.

| | CC | CT | TT | एकूण |
|---|---|---|---|---|
| केस (मधुमेही) | ८४ | ८८ | २८ | २०० |
| कंट्रोल | १०४ | ८० | १६ | २०० |

आधी प्रश्न ठरवा, मग तक्ता

वरचा तक्ता दोन बाय तीन आहे. त्याचा दोन बाय दोन करायचा तर काहीतरी एकत्र करावं लागतं, आणि काय एकत्र करायचं हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. "निदान एक तरी T असलेल्या माणसाला धोका जास्त आहे का?" असा प्रश्न असेल तर CT आणि TT एका रकान्यात जातील.

| | T आहे | T नाही |
|---|---|---|
| केस | ११६ | ८४ |
| कंट्रोल | ९६ | १०४ |

केसेसमध्ये T असणारे आणि नसणारे यांचं प्रमाण ११६ ला ८४, म्हणजे १.३८. कंट्रोलमध्ये ९६ ला १०४, म्हणजे ०.९२. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ऑड्स रेशो मिळतो. कागदावर तिरपा गुणाकार सोपा पडतो:

(११६ × १०४) ÷ (८४ × ९६) = १.५०

हा आकडा एकटा लिहू नये. त्याची ९५ टक्के मर्यादा काढायला आधी त्याचा नॅचरल लॉग घ्या: ०.४०३. मग चारही घरांच्या व्यस्तांची बेरीज करून वर्गमूळ काढा: √(१/११६ + १/८४ + १/९६ + १/१०४) = ०.२०१. ही झाली स्टँडर्ड एरर. तिला १.९६ ने गुणून लॉगमध्ये एकदा मिळवा, एकदा वजा करा आणि दोन्ही उत्तरं लॉगमधून परत फिरवा. येतं १.०१ ते २.२२. खालचं टोक १ ला जेमतेम ओलांडतंय. म्हणजे T असण्याने काहीच फरक पडत नाही या शक्यतेपासून आपण फार लांब आलेलो नाही, हे तोंडी परीक्षेत विचारण्याआधीच लिहून टाकावं.

एका घरात शून्य आला तर हा हिशेब कोसळतो. अशा वेळी चारही घरांत ०.५ मिळवून ऑड्स रेशो काढतात आणि पी-व्हॅल्यूसाठी फिशरची चाचणी वापरतात. TT दुर्मीळ असलेल्या जागांवर ही वेळ येते. आपल्या उदाहरणात ती नाही.

रिलेटिव्ह रिस्क इथे का काढायचा नाही

मधुमेह होण्याचा धोका T असणाऱ्यांत किती आणि नसणाऱ्यांत किती, हे सरळ विचारावंसं वाटतं. वरच्या तक्त्यात T असलेले एकूण २१२, त्यांतले ११६ मधुमेही, म्हणजे ५५ टक्के. T नसलेले १८८, त्यांतले ८४ मधुमेही, म्हणजे ४५ टक्के. भागाकार १.२२. दिसायला नीटनेटकं उत्तर आहे, पण ते निरर्थक आहे.

कारण ते ५५ टक्के समाजातून आलेले नाहीत, तुमच्या भरतीतून आलेले आहेत. दोनशे मधुमेही आणि दोनशे निरोगी हे प्रमाण तुम्ही ठरवलंत. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जाऊन बघा, निम्मं गाव मधुमेही सापडणार नाही. हे पटत नसेल तर कंट्रोल दुप्पट करून पाहा. समजा पैसे मिळाले आणि तुम्ही चारशे कंट्रोल घेतले, त्यांच्यातलं T चं प्रमाण तेच राहिलं: १९२ आणि २०८. आता तो "रिलेटिव्ह रिस्क" होतो (११६/३०८) ÷ (८४/२९२) = १.३१. जनुक तोच, समाज तोच, फक्त भरती वाढली आणि धोका बदलला! ऑड्स रेशो मात्र (११६ × २०८) ÷ (८४ × १९२), म्हणजे पुन्हा १.५०. कंट्रोलची ओळ दुप्पट झाली तरी तिरप्या गुणाकारात ती वर आणि खाली दोन्हीकडे दुप्पट होते आणि उडून जाते. केस-कंट्रोल अभ्यासात ऑड्स रेशो वापरतात तो याच गुणासाठी.

खरा रिलेटिव्ह रिस्क हवाच असेल तर बाहेरून एक आकडा आणावा लागतो: समाजात मधुमेहाचं प्रमाण किती. आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशातल्या प्रौढांसाठी ११.४ टक्के हा आकडा दिला. हिशेबाला सोपं म्हणून १० टक्के धरू. हजार माणसांत १०० मधुमेही. त्यांतल्या ५८ टक्क्यांकडे T आहे (२०० पैकी ११६), म्हणजे ५८ जण. उरलेल्या ९०० मधल्या ४८ टक्क्यांकडे T आहे, म्हणजे ४३२ जण. T असलेल्यांचा धोका ५८/४९०, म्हणजे ११.८ टक्के. T नसलेल्यांचा ४२/५१०, म्हणजे ८.२ टक्के. भागाकार १.४४.

म्हणजे ऑड्स रेशो १.५० आणि रिलेटिव्ह रिस्क १.४४. आजार शंभरात एकालाच होणारा असता तर हाच हिशेब १.४९ वर गेला असता, म्हणजे दोन्ही जवळपास एकच. "ऑड्स रेशो म्हणजेच धोका" असं जे सर्रास लिहिलं जातं ते दुर्मीळ आजारांपुरतं चालून जातं. मधुमेहासारख्या घरोघरी असलेल्या आजारात अंतर दिसायला लागतं. प्रबंधात "T असलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता दीडपट" असं वाक्य लिहू नका. "ऑड्स १.५ पट" इतकंच लिहा.

अ‍ॅलीलची चाचणी: माणसं नव्हे, अक्षरं मोजायची

आता दुसरा तक्ता. प्रत्येक माणसाकडे त्या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. TT मधून दोन T, CT मधून एक T आणि एक C, CC मधून दोन C. केसेसमध्ये T झाले ८८ + ५६ = १४४, कंट्रोलमध्ये ८० + ३२ = ११२.

| | T | C | एकूण अ‍ॅलील |
|---|---|---|---|
| केस | १४४ | २५६ | ४०० |
| कंट्रोल | ११२ | २८८ | ४०० |

इथे एकूण बेरीज ८०० आली पाहिजे, म्हणजे माणसांच्या बरोबर दुप्पट. ती आली नाही तर कुठेतरी रिकामं घर शून्य म्हणून मोजलं गेलंय. आधी ते शोधा. ऑड्स रेशो (१४४ × २८८) ÷ (२५६ × ११२) = १.४५, मर्यादा १.०७ ते १.९५. काय-स्क्वेअर ५.८८, पी ०.०१५.

आधीच्या तक्त्याचा पी ०.०४५ होता. तीच माणसं, तेच रक्त, आणि निकाल एकदम ठळक झाला. यामुळेच ही चाचणी प्रबंधांत लाडकी आहे. ठळकपणाचा काही भाग प्रामाणिक आहे: पहिल्या तक्त्यात आपण CT आणि TT एकाच घरात कोंबले होते, इथे TT ला त्याचं दुप्पट वजन मिळालं. पण दुसरा भाग एका गृहीतकावर उभा आहे. चारशे माणसांना आपण आठशे स्वतंत्र नोंदी मानलं. एका माणसाकडे आईकडून T आला याचा वडिलांकडून काय आलं याच्याशी काही संबंध नाही, असं आपण न बोलता मान्य केलं. लोकसंख्येत तसं असेल तर जनुकप्ररूपं हार्डी-वाइनबर्गच्या प्रमाणात पडतात. नसेल तर ८०० हा आकडा फुगवलेला ठरतो.

ते गृहीतक तपासायचं कसं

तपासणी कंट्रोलमध्ये करायची. केसेसमध्ये खऱ्या संबंधामुळेही प्रमाण बिघडू शकतं, म्हणून तिथला बिघाड दोष ठरत नाही. कंट्रोलमध्ये T ची वारंवारता ११२/४०० = ०.२८. मग अपेक्षित TT = ०.२८ × ०.२८ × २०० = १५.७, CT = २ × ०.२८ × ०.७२ × २०० = ८०.६, आणि उरलेले CC १०३.७. आपल्याकडे आहेत १६, ८०, १०४. अगदी जुळलं, अ‍ॅलीलची चाचणी वापरायला हरकत नाही.

आता हाच तक्ता थोडा बिघडवू. अ‍ॅलीलची बेरीज तीच ठेवायची, फक्त CT कमी करायचे:

| | CC | CT | TT |
|---|---|---|---|
| केस | ९६ | ६४ | ४० |
| कंट्रोल | ११६ | ५६ | २८ |

मोजून बघा, T अजूनही १४४ आणि ११२ च आहेत. म्हणून अ‍ॅलीलची चाचणी अजूनही पी ०.०१५ च सांगणार. तिला बदल दिसतच नाही. पण माणसांना माणूस म्हणून मोजणारी कॉक्रन-आर्मिटेज ट्रेंड चाचणी लावली तर पी ०.०३४ येतो. ही चाचणी प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण देते (त्याच्याकडे जितके T तितके) आणि दोन्ही गटांची सरासरी तुलना करते. मूळ, न बिघडवलेल्या तक्त्यावर तिचा पी ०.०१७ होता, अ‍ॅलीलच्या ०.०१५ च्या अगदी शेजारी. गृहीतक खरं असताना दोघी जवळपास एकच उत्तर देतात, खोटं असताना ट्रेंड चाचणी सांभाळून घेते. मग अ‍ॅलीलवाली मुख्य चाचणी म्हणून ठेवायचीच कशाला? माझं मत स्पष्ट आहे: पी-व्हॅल्यू ट्रेंड चाचणीची द्या, अ‍ॅलीलचा तक्ता वर्णनासाठी ठेवा. R मध्ये दोन ओळींचं काम आहे:

```r
prop.trend.test(c(84, 88, 28), c(188, 168, 44))
chisq.test(matrix(c(144, 256, 112, 288), 2), correct = FALSE)
```

पहिल्या ओळीत आधी केसेस आणि मग दोन्ही गटांची बेरीज द्यायची असते, नुसते कंट्रोल नव्हेत. PLINK १.९ वापरत असाल तर `--assoc` अ‍ॅलीलची चाचणी करतं आणि `--model` च्या निकालात `TREND` नावाची ओळ येते.

पण CT कमी पडले तर त्याचा अर्थ काय लावायचा? आपल्या भागात पहिला संशय नात्यातल्या लग्नांवर जातो. मामाची मुलगी करण्याची चाल बेळगाव, चिकोडी, हुक्केरीकडे मराठी घरांतही आहे आणि कन्नड घरांतही. कर्नाटकात सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होतं. अशा लग्नातून झालेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी तीच जुनी प्रत मिळण्याची शक्यता वाढते आणि CT कमी होतात. ती किती वाढते हे ठरलेलं आहे: मामेबहिणीशी लग्नाच्या अपत्यात १/१६, मामा-भाचीच्या अपत्यात १/८. आता आपला बिघडवलेला तक्ता बघा. अपेक्षित ८०.६ ऐवजी ५६, म्हणजे CT मध्ये ३० टक्के घट. अभ्यासातला प्रत्येक माणूस मामा-भाचीच्या लग्नातून जन्मलेला असता तरी घट साडेबारा टक्क्यांच्या आसपास थांबली असती. म्हणजे एवढी मोठी तूट लग्नांनी येत नाही, ती लॅबमधून येते.

पीसीआरमध्ये एखादा अ‍ॅलील नीट वाढला नाही तर CT माणूस जेलवर CC किंवा TT दिसतो. उलट, पीसीआर-आरएफएलपीमध्ये एन्झाइमने डीएनए अर्धवट कापला तर कापला जाणारा शुद्ध प्रकार CT सारखा दिसतो आणि CT फुगतात. दोन्ही वेळा आकडेशास्त्र बाजूला ठेवून काही नमुने दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासायला द्यावे लागतात. ट्रेंड चाचणी लावून चुकीच्या जेलची दुरुस्ती होत नाही.

नात्यांचा आणखी एक पैलू भरतीत येतो. भाऊ-भाऊ, मायलेकी एकाच दिवशी ओपीडीत येतात आणि दोघांचंही रक्त घेतलं जातं. ते स्वतंत्र नोंदी नाहीत. घरटी एकच माणूस घ्या.

हार्डी-वाइनबर्गला न दिसणारी भानगड

आता जे सांगतोय ते सीमाभागात सर्वांत महत्त्वाचं. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत रुग्ण येतात चंदगडहून, खानापूरहून, निपाणीहून, तसेच गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीहून. कंट्रोल मात्र सोयीने मिळतात: कॉलेजचे विद्यार्थी, कर्मचारी, रक्तदान शिबिरात आलेली माणसं. विद्यार्थी तर देशभरातून आलेले असतात. शिवाय विशीतला कंट्रोल पन्नाशीत मधुमेही होणारच नाही याची खात्री कोण देणार? पण वय बाजूला ठेवू, वंशाचं बघू.

समजा दोन समूह आहेत, आपापल्यात लग्नं करणारे. अ समूहात T ची वारंवारता ०.४०, ब समूहात ०.२०. मधुमेहाशी T चा काडीचाही संबंध नाही असं धरा. केसेसमध्ये अ चे १५० आणि ब चे ५० आले, कंट्रोलमध्ये नेमकं उलट. अ‍ॅलील मोजा:

| | T | C |
|---|---|---|
| केस | १२० + २० = १४० | १८० + ८० = २६० |
| कंट्रोल | ४० + ६० = १०० | ६० + २४० = ३०० |

ऑड्स रेशो १.६२. आपल्या "खऱ्या" उदाहरणापेक्षा मोठा आणि पूर्णपणे खोटा. अ समूह वेगळा काढला तर १२०/१८० आणि ४०/६०, ऑड्स रेशो बरोबर १. ब मध्येही १. संबंध जनुक आणि आजार यांच्यात नव्हताच, भरतीची जागा आणि समूह यांच्यात होता.

अशा मिश्रणातही CT थोडे कमी होतात, त्यामुळे हार्डी-वाइनबर्गची तपासणी हे पकडेल असं वाटतं. हिशेब करून बघा: या कंट्रोलमध्ये घट फक्त ४ टक्के येते, काय-स्क्वेअर ०.३२, आणि चाचणीचा उंबरठा आहे ३.८४. ती शांतपणे "सर्व ठीक" म्हणते. म्हणून प्रबंधात "कंट्रोल हार्डी-वाइनबर्ग समतोलात होते" हे वाक्य असलं तरी त्याने या दोषाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

उपाय भरतीच्या फॉर्मपासून सुरू होतो. फक्त पत्ता विचारून भागत नाही, कारण बेळगाव शहरात राहणारा माणूस मूळचा कुठलाही असू शकतो. मातृभाषा विचारा, पण तिच्यावरही विसंबू नका; इथे एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, आणि दोन मराठीभाषक जाती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींत सोयरीक न करणाऱ्या असू शकतात. आजी-आजोबांची मूळ गावं आणि सोयरीक कुठल्या समाजात होते, हे विचारलं तर कामाची माहिती मिळते. मग प्रत्येक समूहातून केस आणि कंट्रोल सारख्या प्रमाणात घ्या, तेही एकाच तालुक्याच्या पट्ट्यातून, आणि कंट्रोल पंचेचाळिशीपुढचे, एचबीए१सी तपासून मधुमेह नाही याची खात्री केलेले.

भरती होऊन गेली असेल तर समूहवार वेगळे दोन बाय दोन तक्ते करून मँटेल-हेन्झेल पद्धतीने त्यांचा एकत्रित ऑड्स रेशो काढता येतो. R मधलं `mantelhaen.test` ते करतं. आधीचा कच्चा ऑड्स रेशो आणि हा, दोन्ही शेजारी लिहा. वरच्या उदाहरणात १.६२ शेजारी १ येईल, आणि परीक्षकाला वेगळं काही समजावावं लागणार नाही. मात्र या पद्धतीला प्रत्येक समूहात केस आणि कंट्रोल दोन्ही लागतात. चंदगडहून तीस रुग्ण घेतले आणि तिकडचा कंट्रोल एकही नसेल, तर त्या तीस जणांचा एकत्रित उत्तरात वाटा शून्य.